मोहरीचे तेल आधी धूर येईपर्यंत तापवणे: ही पायरी नेमकी केव्हा लागते?

बकुळफुले

नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून कोलकात्याला राहायला आलो. इथल्या बाजारात शेंगदाणा तेल मिळते, पण ज्या पदार्थांसाठी मला बंगाली स्वयंपाक शिकायचा आहे त्यांना मोहरीचेच तेल लागते, म्हणून मी कच्च्या घाणीच्या तेलाची एक लिटरची बाटली आणली. त्यानंतर माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असल्यामुळे मी गोंधळले आहे.

पहिल्या वेळी रोहूच्या चार तुकड्यांना हळद-मीठ लावून मी माछेर झोल करायला घेतला. नॉनस्टिक पसरट भांड्यात तेल घालून, ते कोमट झाल्यासारखे वाटताच, तुकडे सोडले. क्षणात भांडे फेसाने भरले, तुकडे तळाला चिकटले, आणि पुढे रस्सा झाल्यावर त्याला असा उग्र दर्प राहिला की पहिल्या घासालाच घशात झोंबले. शेजारच्या बौदींनी चव घेऊन एवढेच सांगितले की तेल कच्चे राहिले आहे, आधी धूर येऊ द्यायला हवा होता.

तो धडा लक्षात ठेवून पुढच्या रविवारी मी इलिश आणला, म्हणजे ज्याला आपल्याकडे कोकणात पाला म्हणतात तो मासा. भापा इलिशसाठी तेल आधी चांगले धुरावले, गार केले आणि मोहरीच्या वाटणात कालवून मासा वाफवला. या वेळी बौदी म्हणाल्या की तेलाचा गंधच गेला, हा पदार्थ असा करत नाहीत. शिवाय वाटणाला कडवटपणाही आला होता.

तेव्हा माझा प्रश्न असा की धूर काढायचा तो कशासाठी, आणि कोणत्या पदार्थात काढायचा नाही?

रानमेथी

माझाही असाच अनुभव आहे. फोडणीत मोहरी घातल्यावर ती तडतडायच्या आधी जिरे टाकले तर मोहरी कच्ची राहते आणि भाजीत दाताखाली कडू लागते. उलट तेल फार तापले असेल तर मोहरी जळते, आणि तेव्हाही ती कडूच होते. म्हणून तेल मध्यम तापल्यावर एक दाणा टाकून पाहावा आणि तो लगेच तडतडला तरच बाकीची मोहरी घालावी, असे मी आईकडून शिकले आहे.

बकुळफुले

रानमेथी, आभारी आहे, परंतु मी फोडणीतल्या मोहरीबद्दल विचारत नसून मोहरीपासून काढलेल्या तेलाबद्दल विचारते आहे. आपण सांगितलेली एक दाणा टाकून पाहण्याची युक्ती मात्र इथेही उपयोगी पडेल, असे वाटते.

ताम्हनकाठ

बकुळफुले, आपल्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, म्हणून त्या मुळापासून सुरुवात करतो. मी निवृत्तीपर्यंत खाद्यतेलांच्या तपासणीच्या कामात होतो, आणि त्यातली बावीस वर्षे जमशेदपुरात गेली, त्यामुळे हे तेल प्रयोगशाळेत आणि घरात अशा दोन्ही ठिकाणी मी पाहिले आहे.

अख्खी मोहरी हातात घेऊन हुंगली तर तिला झोंबणारा वास येत नाही. तिच्या पेशींमध्ये एक तिखट नसलेला पदार्थ आणि त्याला फोडणारे एक विकर, असे दोन्ही वेगवेगळे साठवलेले असतात. दाणा भरडला गेला आणि त्याला थोडा ओलावा मिळाला की हे दोघे एकत्र येतात आणि त्यातून ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. डोळ्यांना आणि नाकाला झोंबते ते हेच. कच्च्या घाणीत मोहरी भाजत नाहीत आणि घाणा फारसा तापूही देत नाहीत, त्यामुळे ते विकर जिवंत राहते आणि हा झणझणीत अंश तेलात उतरतो. रिफाइंड मोहरी तेलात तो जवळजवळ उरलेला नसतो, कारण कारखान्यात तेल निर्गंध करताना तो काढून टाकला जातो.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की हा अंश उडून जाणारा आहे. त्याचा उत्कलनबिंदू साधारण १५० अंश सेल्सिअस आहे, तर मोहरीच्या तेलाचा धूमबिंदू पुस्तकांत २५० अंशांच्या आसपास दिलेला आढळतो. न गाळलेले किंवा जुने तेल त्याच्या बरेच आधी धुरावू लागते. याचा अर्थ असा की तेलातून धूर निघेपर्यंत उग्रपणाचा मोठा भाग आधीच निघून गेलेला असतो. उग्रपणा जातो तो उष्णतेने, आणि धूर दिसणे ही तो गेल्याची डोळ्यांना कळणारी खूण आहे. घरोघरी तापमापक नसताना पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण वापरली गेली, आणि ती चुकत नाही, म्हणूनच ती टिकली.

यावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर निघते. तेल जिथे तळण्याचे किंवा परतण्याचे माध्यम आहे, तिथे ते तापवून उग्रपणा काढावा लागतो, कारण तिथे मसाल्यांचा किंवा माशाचा स्वाद पुढे यायला हवा. जिथे तेल हाच स्वाद आहे, तिथे ते तापवले तर घालण्याचे कारणच उरत नाही. भापा इलिशमध्ये कच्चे तेल, मोहरीचे वाटण, हळद, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची हे सगळे माशाला चोळून डबा वाफेवर ठेवतात. वाफेचे तापमान शंभराच्या पुढे जात नाही, त्यामुळे तेलाचा कडकपणा थोडा निवतो, पण गंध राहतो. उकडलेल्या बटाट्याचे आलू शेद्धो, मुरमुऱ्यांचे मुडी माखा आणि बिहारमधला लिट्टीबरोबरचा चोखा यांतही तेल कच्चेच घालतात.

आपल्या वाटणाचा कडवटपणा मात्र तेलाचा नव्हे, तो वाटण्याचा आहे. मोहरी कोरडी आणि फार वेळ वाटली की कडू होते. अर्धा तास भिजवून, मीठ आणि एक हिरवी मिरची घालून, थोड्या पाण्यात थांबून थांबून वाटावी.

अण्णा_नागपूरकर

ताम्हनकाठ यांचे म्हणणे पटले, पण एक मुद्दा राहिला आहे असे वाटते. या तेलात एरुसिक आम्ल नावाचा हृदयाला अपायकारक घटक असतो आणि तेल धुरावल्याने तो निघून जातो, असे मी वाचले होते. म्हणजे धूर काढणे हे केवळ चवीसाठी नसून आरोग्यासाठी आहे. तसे असेल तर चोख्यात कच्चे तेल घालणे योग्य कसे?

ताम्हनकाठ

अण्णा, या तेलात एरुसिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या पारंपरिक वाणांच्या तेलात एकूण मेदाम्लांपैकी ते चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत सापडते. परंतु ते तापवल्याने जात नाही. उग्रपणा देणारा अंश तेलात विरघळलेला, उडून जाणारा पाहुणा आहे, तर एरुसिक आम्ल हे तेलाच्या रेणूचाच भाग आहे. कढईत तेल शिल्लक आहे तोवर ते आम्लही तिथेच आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत या आम्लामुळे हृदयाच्या स्नायूंत मेद साठल्याचे दिसले, आणि त्यावरून अनेक देशांनी निर्बंध घातले. माणसांच्या बाबतीत तो धोका किती, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि या धाग्यावर ते होण्यासारखेही नाही.

आणखी एक गैरसमज याच जातीचा आहे, आणि तो जास्त घातक आहे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलामुळे जलोदरासारख्या सुजेची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. ती भेसळ पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची होती. ‘आम्ही तेल चांगले धुरावून घेतो, आम्हाला काय होणार’ असे तेव्हा जमशेदपुरातही लोक म्हणत असत. स्वयंपाकघरात दोन-चार मिनिटे तापवल्याने ते विष निघून जात नाही. तेव्हा सुटे तेल घेऊन ते धुरावण्यापेक्षा सीलबंद तेल घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

अण्णा_नागपूरकर

समजले. मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. आभार.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहते. इथे भारतीय दुकानात मोहरीचे तेल मिळते, पण बाटलीवर ते केवळ बाहेरून लावण्यासाठी आहे असे छापलेले असते, आणि तरीही ओळखीच्या सगळ्या बंगाली घरांत ते खाल्ले जाते. अण्णांच्या प्रश्नामुळे त्या छापील ओळीचे कारण कळले.

माझी अडचण निराळी आहे. आमच्या सदनिकेत तेल धुरावले की धुराचा भोंगा वाजतो आणि सगळा मजला बाहेर येतो. एकदा तसे झाले आहे, आणि पुन्हा व्हावे अशी इच्छा नाही. धूर न काढता उग्रपणा घालवता येईल का? ताम्हनकाठ यांच्या आकड्यांवरून तरी तसे शक्य दिसते.

ताम्हनकाठ

शक्य आहे. तेल मध्यम आचेवर तापवत राहावे, वास झोंबायचा थांबला की आच मंद करावी आणि आणखी तीन-चार मिनिटे ठेवावे. धूर आलाच पाहिजे असे नाही. आपल्याकडे तापमापक असेल तर तेल १८० अंशांच्या आसपास काही मिनिटे राहिले तरी माझ्या मते पुरेसे आहे. जुन्या पद्धतीची चव मला थोडी वेगळी वाटते हे मान्य करतो, कारण धुरापर्यंत गेलेल्या तेलाला भाजल्यासारखा एक सुगंध येतो, आणि काश्मिरी किंवा बंगाली माणसाला तो हवा असतो. उग्रपणा घालवण्यासाठी त्याची गरज नाही.

धूर टाळण्याला दुसरेही कारण आहे. धुरात ॲक्रोलिन असते, जे डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देते, आणि फार तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या वाफांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदले आहे. रोज दोन वेळा, बंद स्वयंपाकघरात, धूर कोंडेपर्यंत तेल तापवणे मला योग्य वाटत नाही. खिडकी उघडी असावी आणि पहिली रेघ दिसताच गॅस बंद व्हावा.

लष्कर_ग्वाल्हेर

आमचे घराणे पाच पिढ्यांपासून ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात राहते. घरात मराठी बोलतो, पुरणपोळी करतो, पण तेल मोहरीचे, कारण आमच्या शेजारी मुरैना आणि भिंड हा सगळा मोहरीचा पट्टा आहे. पुण्याच्या नातेवाइकांना आमच्याकडच्या भाजीचा वास पहिल्या दिवशी सहन होत नाही आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा वाढून घेतात.

आजीची पद्धत जशी पाहिली तशी लिहिते, कारण वरच्या चर्चेत प्रत्यक्ष कृती आलेली नाही. लोखंडी कढई आधी कोरडी करून घ्यायची. त्यात चार मोठे चमचे तेल, आच मध्यम. सुरुवातीला तेल गडद मधासारखे दिसते आणि कडेला बारीक फेस धरते, कारण न शुद्ध केलेल्या तेलात किंचित ओलावा आणि चिकट अंश असतो. मग एक क्षण असा येतो की वास एकदम वर येतो आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. आजी त्या वेळी पदर नाकाला लावून मान वळवत असे. त्यानंतर फेस बसतो, तेल पातळ होऊन कढईत पाण्यासारखे पळू लागते, रंग उतरून फिकट पिवळा होतो, आणि वास झोंबण्याऐवजी भाजल्या दाण्यासारखा येतो. आमच्या शेगडीवर याला तीन ते चार मिनिटे लागतात. कडेने धुराची पहिली पातळ रेघ निघाली की गॅस बंद करायचा. लोखंड उष्णता धरून ठेवत असल्यामुळे धूर त्यानंतरही थोडा वेळ निघतो, म्हणून ‘अजून थोडे’ म्हणून थांबायचे नाही.

यापुढची पायरी नवशिके विसरतात. धुरावलेल्या तेलात लगेच फोडणी टाकली तर मेथी आणि कलौंजी काळी पडते आणि सगळी भाजी कडू होते, आणि दोष मात्र तेलाला जातो. दोन मिनिटे थांबून मेथीचा एक दाणा टाकावा. तो काळा झाला तर अजून थांबावे, हळूहळू सोनेरी झाला तर फोडणी घालावी. मासा तळायचा असेल तर मात्र एवढे निवू देत नाहीत, असे माझ्या बंगाली जाऊबाई सांगतात. तेल कडक असतानाच तुकडा कडेने सोडला तर तो चिकटत नाही.

बकुळफुले

हे वाचून माझ्या पहिल्या फसलेल्या झोलाचा उलगडा झाला. फेस बसण्याची वाट न पाहता मी ओले तुकडे सोडले, आणि तेल कडक नव्हते म्हणून ते चिकटले.

ताम्हनकाठ

आणि ते भांडे नॉनस्टिक होते, हेही लक्षात ठेवावे. त्या लेपाची सुरक्षित मर्यादा आणि या तेलाचा धूमबिंदू फार जवळ आहेत, त्यामुळे नॉनस्टिकमध्ये तेल धुरावू नये. लोखंडी किंवा जाड स्टीलची कढई घ्यावी. धुरावताना फोनवर बोलायला बाहेर जाऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण ठेवावे.

रानमेथी

आधी माझा गैरसमज झाला होता, क्षमस्व. आता नीट वाचल्यावर एक प्रश्न पडला. एकदाच पाव लिटर तेल धुरावून, गार करून बाटलीत भरून ठेवले तर चालेल का? रोजचा धूर वाचेल.

लष्कर_ग्वाल्हेर

आमच्याकडे पाहुणे असतील तेव्हा असे करतात, पण तीन-चार दिवसांचेच. त्याहून जास्त ठेवलेल्या तेलाला मला खवट वास आला आहे.

ताम्हनकाठ

तापलेले तेल खवट होण्याच्या वाटेवर एक पाऊल पुढे गेलेले असते, त्यामुळे हा अनुभव स्वाभाविक आहे. थोडे करावे, घट्ट झाकणाच्या बाटलीत अंधारात ठेवावे आणि लवकर संपवावे.

लष्कर_ग्वाल्हेर

लोणच्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि माझा खरा वाद तिथे आहे. आंब्याच्या लोणच्यासाठी आमच्याकडे तेल धुरावून पूर्ण गार करतात आणि मग बरणीत ओततात. माझ्या सासरी, कानपुरात, कच्चेच तेल घालून बरणी उन्हात ठेवतात आणि ते लोणचेही दुसऱ्या वर्षापर्यंत टिकते. दोन्हीकडच्या बायका आपलेच बरोबर म्हणतात.

ताम्हनकाठ

या वादात मला दोन्ही बाजूंना तथ्य दिसते. धुरावल्याने तेलातला उरलासुरला ओलावा जातो आणि लोणचे पहिल्या आठवड्यापासून खाण्याजोगे लागते. पण जो अंश झोंबतो, तोच जंतूंची आणि बुरशीची वाढ रोखणारा आहे, आणि तो आपण कढईतच घालवून बसतो. कच्च्या तेलाच्या लोणच्यात तो राहतो, आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होत जातो, म्हणून ते लोणचे सुरुवातीला उग्र आणि पुढे मुरलेले लागते. टिकण्याच्या बाबतीत मीठ, फोडींचा कोरडेपणा आणि तेलाचा थर फोडींच्या वर राहणे यांचा वाटा इतका मोठा आहे की तेल कच्चे की धुरावलेले, याचा वेगळा परिणाम घरच्या बरणीत ओळखणे कठीण आहे. माझ्या घरी धुरावतात, पण ती सवय आहे, तिला मी पुरावा म्हणणार नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

सासूबाईंना हे वाचून दाखवणार आहे. त्या इतके सहज मानतील असे वाटत नाही, आणि मलाही पूर्ण पटलेले नाही, कारण कच्च्या तेलाच्या एका बरणीला आमच्याकडे बुरशी आली होती.

हडसनतीर

ती बरणी ओली राहिली नव्हती ना, हे कसे कळणार?

लष्कर_ग्वाल्हेर

ते खरेच सांगता येत नाही.

बकुळफुले

काल सुट्टी होती, म्हणून मी एक छोटा प्रयोग केला, त्याची नोंद इथे ठेवते. चार बटाटे उकडून, मीठ घालून एकत्र कुस्करले आणि त्याचे तीन समान वाटे केले. पहिल्यात एक चमचा कच्चे तेल, दुसऱ्यात वास झोंबायचा थांबेपर्यंत तापवून मंद आचेवर चार मिनिटे ठेवलेले तेल, आणि तिसऱ्यात धुरावलेले तेल घातले. दोन्ही तापवलेली तेले आधी पूर्ण गार केली, आणि कोणता वाटा कोणता हे न सांगता घरातल्यांना व बौदींना चाखायला दिले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाट्यात झोंबणारे काहीच नव्हते. माझ्या यजमानांना त्या दोघांत फरक कळला नाही. बौदींनी तिसरा लगेच ओळखला आणि त्याला ‘रान्नाघराचा वास’ आहे असे म्हणाल्या, म्हणजे स्वयंपाकघराचा. पण खायला त्यांनी पहिलाच वाटा उचलला, त्यात बारीक चिरलेला कांदा आणि एक हिरवी मिरची कुस्करली आणि गरम भाताबरोबर संपवला. माझ्या मुलाने पहिला वाटा तोंडात घालताच पाणी मागितले. त्याच्यासाठी मी कच्चे आणि धुरावलेले तेल अर्धे-अर्धे मिसळून पाहिले, तेव्हा त्याने तक्रार न करता खाल्ले.

संध्याकाळी रोहूचा झोल पुन्हा केला. लोखंडी कढई, चार चमचे तेल, फेस बसेपर्यंत वाट पाहिली, पहिली रेघ दिसताच गॅस बंद, मग मंद करून तुकडे पुसून कोरडे करून सोडले. एकही चिकटला नाही. त्याच तेलात, थोडे निवल्यावर, कलौंजी आणि मिरची घातली, आणि रस्सा उतरवताना बौदींच्या सांगण्यावरून अर्धा चमचा कच्चे तेल वरून सोडले. हे शेवटचे अर्धे चमचे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

अण्णा_नागपूरकर

म्हणजे एकाच पदार्थात धुरावलेले आणि कच्चे, दोन्ही?

ताम्हनकाठ

होय, बंगालमध्ये तसे पुष्कळ घरांत करतात. तळणीला उग्रपणा नको, पण पान वाढताना गंध हवा, म्हणून. अर्ध्या चमच्याच्या पुढे मात्र जाऊ नये, नाहीतर पहिल्या दिवशीचा झोल परत येईल.

लष्कर_ग्वाल्हेर

बकुळफुले, येत्या उन्हाळ्यात कैरीच्या दोन बरण्या भरा, एक कच्च्या तेलाची आणि एक धुरावलेल्या. फोडी एकाच दिवशी, एकाच उन्हात वाळवलेल्या असू द्या. मी ग्वाल्हेरला तसेच करते, म्हणजे निदान दोन घरांची नोंद होईल.

बकुळफुले

करते. मिठाचे प्रमाण तेवढे इथे लिहा, म्हणजे दोन्हीकडे सारखेच राहील.